आकडे खरे, तुलना अवघड

ब्रॅडमन थोर की सचिन, हा वाद क्रिकेटरसिकांच्या बैठकीत कधीच मिटत नाही. बहुतेक वेळा पुरावा म्हणून आकडे पुढे केले जातात. हे आकडे नेमके येतात कुठून, ते आधी पाहायला हवे.

फलंदाजीची सरासरी काढताना एकूण धावांना डावांच्या संख्येने नव्हे, तर फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. डॉन ब्रॅडमन यांनी ५२ कसोटींतील ८० डावांत ६,९९६ धावा केल्या. त्यांपैकी १० डावांत ते नाबाद होते. म्हणजे भाजक ७० आणि सरासरी ९९.९४. १९४८ मध्ये ओव्हलवरील अखेरच्या डावात एरिक हॉलिस यांनी त्यांना शून्यावर त्रिफळाचीत केले नसते आणि त्यांनी चार धावा करून बाद होणे पत्करले असते, तर सरासरी बरोबर शंभर झाली असती.

नाबाद डाव वगळण्यामागे तर्क आहे, कारण अपुरा राहिलेला डाव फलंदाजाच्या माथी मारणे योग्य नाही. मात्र त्याचा लाभ खालच्या क्रमांकावर येणाऱ्यांना अधिक मिळतो. ऑस्ट्रेलियाचा मायकेल बेव्हन एकदिवसीय सामन्यांत १९६ डावांपैकी ६७ वेळा नाबाद राहिला. त्याच्या ६,९१२ धावांना १२९ ने भागले की ५३.५८ ही सरासरी येते. प्रत्येक डावामागे पाहिले तर त्याच धावा ३५ च्या आसपास भरतात. बेव्हन सामने जिंकून देणारा फलंदाज होता, यात शंका नाही. पण सलामीवीराच्या सरासरीशेजारी त्याची सरासरी ठेवताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

स्ट्राइक रेट म्हणजे शंभर चेंडूंमागे केलेल्या धावा. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर सुनील गावसकर यांनी १७४ चेंडूंत नाबाद ३६ धावा केल्या. ३६ ला १७४ ने भागून शंभराने गुणले की २०.६९ येतात. येथे ‘काळच संथ होता’ ही सबब चालत नाही. त्याच सामन्यात इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा कुटल्या होत्या. गोलंदाजाच्या बाबतीत मात्र याच शब्दाचा अर्थ एका बळीमागे टाकलेले चेंडू असा होतो, आणि तेथे आकडा जितका लहान तितका चांगला.

इकॉनॉमी रेट म्हणजे एका षटकामागे दिलेल्या धावा. येथे एक फसगत नेहमी होते. धावफलकावरील ९.३ षटके म्हणजे साडेनऊ षटके, ५७ चेंडू. त्यांत ४७ धावा दिल्या असतील, तर ४७ ला सहाने गुणून ५७ ने भागायचे, उत्तर ४.९५. सरळ ९.३ ने भागणाऱ्यास ५.०५ मिळतात आणि पाचाच्या आतला गोलंदाज पाचाबाहेर जातो.

या मोजमापाचा अजब नमुना नाशिकचे बापू नाडकर्णी. १९६४ च्या जानेवारीत मद्रास कसोटीत इंग्लंडच्या पहिल्या डावात त्यांनी ३२ षटके टाकली, त्यांतील २७ निर्धाव आणि धावा अवघ्या पाच. सलग २१ षटके निर्धाव होती. कसोटी कारकिर्दीत ९,१६५ चेंडूंत २,५५९ धावा, म्हणजे षटकामागे १.६७. ट्वेंटी-२० मध्ये षटकामागे सात धावा देणाऱ्याचीही पाठ थोपटली जाते. मग नाडकर्णी चौपट श्रेष्ठ ठरतात काय? तसे नाही. त्या डावात त्यांना एकही बळी मिळाला नाही, आणि एकूण ८८ बळींसाठी त्यांना प्रत्येकी सुमारे १०४ चेंडू लागले. समोरच्या फलंदाजांना धावांची घाई नव्हती. त्या मालिकेतील पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. ट्वेंटी-२० मध्ये फलंदाज विकेट गमावण्याची पर्वा न करता बॅट फिरवतो.

शिवाय मोजण्याचे नियमही बदलत गेले. वाइड आणि नोबॉल पूर्वी गोलंदाजाच्या खाती जमा होत नसत. तो बदल १९८० च्या दशकातला. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत षटक आठ चेंडूंचे होते, त्यामुळे तेथील जुने षटकांमागचे आकडे चेंडूंत बदलल्याशिवाय उपयोगाचे नाहीत. जुन्या अनेक डावांत फलंदाज किती चेंडू खेळला याची नोंदच नाही, म्हणून ब्रॅडमन यांचा कारकिर्दीचा स्ट्राइक रेट हा नोंद सापडलेल्या डावांपुरताच मर्यादित राहतो. उघड्या, पावसाने भिजणाऱ्या खेळपट्ट्यांचा परिणाम तर कोणत्याच रकान्यात मावत नाही.

त्यातल्या त्यात भरवशाची कसोटी म्हणजे खेळाडूला त्याच्याच समकालीनांशेजारी उभे करणे. कसोटीत पन्नासची सरासरी कोणत्याही दशकात उत्तम मानली गेली आहे. त्या काळीही ब्रॅडमन यांचे मातब्बर प्रतिस्पर्धी साठीच्या आगेमागेच होते, आणि ते स्वतः शंभराजवळ.