एप्रिलची बिलं, मार्चचा खर्च

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबवह्या चाळताना एक गोष्ट लक्षात येते. पहिली पाच वर्षं आपला खर्च चेक फाडला त्या दिवशीच लिहिला जात होता. वर्ष 31 मार्चला संपायचं, आणि त्यानंतर आलेलं बिल मुकाट पुढच्या वर्षात जायचं.

पहिल्या वर्षी, 2000-01 साली, ताळेबंदात 26 हजारांची शिल्लक दिसली. पण जानेवारी ते मार्चचं पाण्याचं 21 हजारांचं बिल मे महिन्यात आलं होतं. वॉचमनचा मार्चचा 12 हजार पगार 6 एप्रिलला दिला होता. हे दोन्ही त्या वर्षाचेच खर्च. ते धरले तर शिल्लक नव्हे, 7 हजारांची तूट होती. आपण मात्र त्या शिलकेच्या जोरावर 40 घरांचा मेंटेनन्स महिना 25 रुपयांनी कमी केला, म्हणजे वर्षाला 12 हजार सोडून दिले. पुढे ज्यांनी फ्लॅट विकत घेतले, त्यांना आधीच्यांनी वापरलेल्या पाण्याचे पैसे भरावे लागले.

ही चूक लपून राहते, कारण दुसऱ्या वर्षापासून जुना मार्च आत येतो, नवा मार्च बाहेर जातो आणि बारा महिने भरतात. ती उघडी पडते एखादं बिल उशिरा आलं की. 2003 च्या ऑक्टोबर-डिसेंबरचं पाण्याचं बिल 2004 च्या एप्रिलमध्ये आलं. त्यामुळे 2003-04 मध्ये पाण्याच्या तीनच तिमाह्या आल्या, 2004-05 मध्ये पाच. सर्वसाधारण सभेत गदारोळ झाला. गळती शोधायला प्लंबर बोलावला आणि तेव्हाच्या खजिनदार काकांना नको ते ऐकावं लागलं. गळती नव्हतीच. त्या बिलांवर तारखा स्वच्छ छापलेल्या होत्या, पण कोणी वाचल्या नाहीत.

खजिनदारपद माझ्याकडे आल्यावर, 2005-06 चे हिशेब करताना आम्ही वही 15 मेपर्यंत उघडी ठेवली. एप्रिल-मेमध्ये येणाऱ्या प्रत्येक बिलावर बिलाची तारीख नव्हे, तर ‘कालावधी’ बघायचा. त्या वर्षी आधीच्या मार्चचाही खर्च आत आला होता, म्हणजे तेरा महिने होत होते. तो ‘मागील वर्षाचा खर्च’ असा वेगळ्या ओळीत दाखवला आणि सभेला आधीच सांगून ठेवलं.

विजेचं उदाहरण घेऊ. बिल आलं 20 एप्रिलला, 18,600 रुपयांचं. कालावधी 16 मार्च ते 15 एप्रिल, म्हणजे 31 दिवस. रोजचे 600 झाले. मार्चचे 16 दिवस, म्हणून 9,600 रुपये जुन्या वर्षाचे. मग 31 मार्चच्या तारखेला नोंद करायची: वीज खर्च नावे 9,600, अदत्त खर्च जमा 9,600. उरलेले 9,000 नव्या वर्षात.

कालावधी छापलेला नसेल तर काम कधी झालं ते शोधायचं. पंप 27 मार्चला दुरुस्त झाला असेल आणि बिल 22 एप्रिलचं असेल, तरी खर्च मार्चचा. याउलट लिफ्टच्या वार्षिक कराराचं बिल 3 एप्रिलला येतं, पण ते पुढच्या बारा महिन्यांचं असतं. घाईत तेही मागे ढकलणारे मी पाहिलेत. 15 मेपर्यंत बिल आलंच नाही, तर आधीच्या बिलावरून अंदाजे रक्कम धरायची आणि तसं लिहून ठेवायचं.

खरी गफलत पुढे होते. पैसे देताना सबंध 18,600 पुन्हा वीज खर्चात टाकले की 9,600 दोनदा मोजले जातात. चेक 18,600 चाच, पण त्यातले 9,600 अदत्त खर्चाच्या खात्यातून वजा व्हायला हवेत. म्हणून जुलैत ते खातं उघडून बघायचं. तिथे काही रक्कम पडून असेल, तर एक तर नोंद दोनदा झाली आहे, किंवा अंदाज जास्त धरला होता, किंवा बिल अजून यायचंय.

दिवसांच्या हिशेबाने वाटणी करणं ही शेवटी तडजोड आहे. एप्रिलच्या उन्हात टाकीचा पंप मार्चपेक्षा जास्त चालतो. म्हणून 2010 पासून आपला वॉचमन 31 मार्चच्या रात्री कॉमन मीटरचा आकडा डायरीत लिहितो. काही सभासद याला हसायचे. 2020 च्या टाळेबंदीत मीटर वाचायला कोणी येईना, सरासरीची बिलं आली आणि नंतर काही महिन्यांचं एकदम मोठं बिल हातात पडलं. त्यातले मार्चचे युनिट किती, हे त्या डायरीतल्या एका ओळीवरून पाच मिनिटांत निघालं. डायरी ऑफिसच्या कपाटात आहे, ज्यांना बघायची असेल त्यांनी जरूर यावं.