औषधयादीच्या दारातला अर्ज : एक मागोवा

रुग्णालयाच्या औषध समितीपुढे ‘हे नवे औषध आपल्या यादीत घ्यावे’ असा अर्ज जातो, तो फार तर चार-पाच पानांचा असतो. वर औषधाचे मूळ नाव, कंपनीने ठेवलेले नव्हे. खाली ते कोणत्या आजारासाठी हवे, त्या आजारावर सध्या यादीत काय आहे, पुरावा काय, धोका काय आणि वर्षाचा खर्च किती, असे रकाने. ते कोणी एका बैठकीत आखलेले नाहीत. वेगवेगळ्या काळांतल्या अडचणींतून एकेक रकाना आला आणि बहुतेक वेळा ती अडचण टंचाईची होती. ही वाट आपण सुरुवातीपासून चालून पाहू.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात 1546 साली नगरसभेने एक ग्रंथ छापून घेतला. तो वालेरिउस कोर्डुस या तरुण वैद्याने सिद्ध केला होता. ग्रंथ निघाला तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षे झाली होती. शहरातल्या औषधविक्यांनी कोणते मिश्रण कशाचे, किती प्रमाणात करायचे, हे त्यात ठरवून दिले होते. एकाच नावाखाली प्रत्येक दुकानात वेगळे औषध मिळू नये, एवढाच त्याचा उद्देश होता. औषध गुणकारी आहे का, हा प्रश्न त्या यादीने विचारला नाही. तो जुन्या आचार्यांच्या शब्दावर सोडलेला होता. तरीही यादीत काय असावे हे एकट्या वैद्याने किंवा दुकानदाराने नव्हे, तर एका मंडळाने ठरवायचे, ही कल्पना इथे रुजलेली दिसते.

अमेरिकेतली रुग्णालयाची यादी मात्र युद्धात जन्मली. 1778 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पेन्सिल्वेनियातल्या लिटिट्झ गावी लष्करी रुग्णालय होते. तिथल्या विल्यम ब्राउन या डॉक्टरांनी 32 पानांची एक लॅटिन पुस्तिका काढली. युद्धाने आणलेल्या गरिबीला साजेशी ही यादी आहे, असे तिच्या शीर्षकातच नमूद केले होते. सगळे काही मिळणार नाही, तेव्हा थोडक्यात भागवायचे तर काय ठेवावे? आजच्या अर्जातला ‘यादीतले कोणते औषध आता पुरत नाही?’ हा रकाना मला या प्रश्नाचाच थेट वंशज वाटतो.

पुढची दीडशे वर्षे आपण भराभर ओलांडू. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांनंतर कारखान्यांतून तयार औषधांचा लोंढा सुरू झाला. एकच औषध दहा नावांनी रुग्णालयाच्या भांडारात येऊन पडू लागले. तेव्हा, 1930च्या दशकात, न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत डॉक्टर आणि औषधनिर्माते एका टेबलाभोवती बसू लागले. आजच्या समितीचे रूप इथे आकाराला आले. मूळ नावानेच अर्ज करावा, ही अट त्या लोंढ्याला घातलेला बांध आहे.

पुरावा मात्र अजून अनुभवी डॉक्टरांच्या मतावरच चाले. तो बदलला ब्रिटनमध्ये, आणि कारण पुन्हा टंचाईच. महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध अमेरिकेतून आणावे लागे आणि ते अगदी थोडे मिळे. सर्वांना पुरणारच नव्हते, म्हणून कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने ठरवण्यात आले. 55 रुग्णांना औषध आणि विश्रांती, 52 जणांना त्या काळच्या रीतीप्रमाणे नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात 4 आणि दुसऱ्यात 14 जण दगावले. 1948 साली हे आकडे प्रसिद्ध झाले आणि ‘माझ्या अनुभवात गुण येतो’ हे वाक्य पुराव्याच्या रकान्यात अपुरे ठरू लागले. खर्चाचा रकाना सर्वांत धाकटा. सरकारी पैशाने पुरवायच्या औषधाबरोबर खर्च आणि लाभ यांचा हिशेबही जोडलाच पाहिजे, असा नियम ऑस्ट्रेलियाने 1993 पासून लागू केला.

हे सारे रकाने एका औषधावर लावून पाहू. ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे रक्ताची गुठळी विरघळू न देणारे औषध. जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी त्याचे काम 1962 साली मांडले. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात ते तपासावे अशी उताकोबाईंची फार इच्छा होती, पण तिथले प्रसूतितज्ज्ञ तयार झाले नाहीत. पुढे अपघातातील जखमींवर ‘क्रॅश-2’ ही मोठी चाचणी झाली; तिचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. 40 देशांतले 20 हजारांवर रुग्ण तिच्यात होते आणि भारतातली रुग्णालयेही होती. औषध मिळालेल्यांत 14.5 टक्के, न मिळालेल्यांत 16 टक्के मृत्यू झाले.

अर्ज लिहिणाऱ्याने इथे जपून राहावे. ‘मृत्यू नऊ टक्क्यांनी घटले’ असे लिहिले तर ते खोटे नाही, पण समितीला त्यातून खर्च काढता येत नाही. खरा फरक दीड टक्क्याचा, म्हणजे साधारण 67 जखमींना औषध दिले की एक जीव वाचतो. आता हिशेब मांडू. एका रुग्णाला एक ग्रॅम दहा मिनिटांत आणि दुसरा ग्रॅम पुढच्या आठ तासांत द्यायचा, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या चार कुप्या. समजा कुपी 50 रुपयांना पडते आणि रुग्णालयात वर्षाला असे 200 जखमी येतात. 800 कुप्यांचे 40 हजार रुपये झाले आणि त्यात अंदाजे तीन जीव. ‘शिवाय रक्ताच्या पिशव्याही वाचतील’ असे लिहिण्याचा मोह होतो, पण त्या चाचणीत रक्त कमी लागल्याचे दिसले नव्हते. ते वाक्य खोडावेच लागते.

याच चाचणीतून एक बंधनही पुढे आले. दुखापतीनंतर तीन तास उलटल्यावर औषध दिलेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटण्याऐवजी वाढलेले दिसले. म्हणून अर्जात ‘जखमींसाठी’ एवढेच लिहून भागत नाही; ‘तीन तासांच्या आत’ हे शब्द यादीतच छापले पाहिजेत. धोक्याच्या रकान्यातली दुसरी गोष्ट कुपीच्या दिसण्याची. काही ठिकाणी ही कुपी पाठीच्या मणक्यात देण्याच्या भुलीच्या औषधासारखी दिसते आणि घाईत तीच मणक्यात टोचली गेल्याने रुग्ण दगावले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये याबाबत इशारा दिला. त्यामुळे ही कुपी भुलीच्या औषधांच्या खणात ठेवायची नाही, हे लिहिल्याशिवाय अशा अर्जावर मंजुरीची सही होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यादीतली मंजुरी औषधाला नसते, औषध आणि आजार या जोडीला असते. अपघातासाठी आत आलेली कुपी प्रसूती विभागाला हवी असेल तर नवा अर्ज, नवा पुरावा लागतो. तो पुरावा 20 हजार बाळंतिणींवरच्या ‘वुमन’ या चाचणीने दिला : तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने 1.2 टक्के, न मिळालेल्यांत 1.7 टक्के मृत्यू. हे आकडे एप्रिल 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. उताको ओकामोतो त्याच्या वर्षभर आधी, एप्रिल 2016 मध्ये, वयाच्या 98व्या वर्षी वारल्या होत्या.