ऑनलाईन नेमबाजीच्या खेळातील वेळेचा प्रश्न : १९९६ ते २००१

ऑनलाईन नेमबाजीच्या खेळात पडद्यावर अचूक दिसलेली गोळी कधीकधी वाया जाते. हा दोष बहुधा नेमाचा नसून वेळेचा असतो. निर्णय खेळाडूचा संगणक नव्हे, तर दूरवरचा सर्व्हर देतो आणि दोघांचा वर्तमानकाळ एक नसतो.

सातारा जिल्ह्यातील औंध येथील एक खेळाडू सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळत आहे असे मानू. सरळ अंतर सुमारे ३,७०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन ३७ मिलिसेकंद लागणारच. वळणावळणाची केबल व वाटेतील यंत्रे धरून हा काळ, म्हणजेच पिंग, १२० मिलिसेकंद समजू. शत्रूची हालचाल सलग दिसावी म्हणून संगणक त्याला आणखी १०० मिलिसेकंद मागे ठेवून दाखवतो (सोर्स इंजिनात `cl_interp` ०.१). परिणामी गोळीचा संदेश पोहोचेपर्यंत खेळाडूने पाहिलेले दृश्य २२० मिलिसेकंद जुने झालेले असते. सेकंदाला २५० एकक धावणारा शत्रू तेवढ्यात ५५ एकक सरकतो; त्याच्या देहाची रुंदी मात्र ३२ एकक!

१९९६ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये जॉन कारमॅक यांनी स्वतःच्या हालचालीचा विलंब झाकला, खेळाडूचे पाऊल सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता पडू लागले. शत्रू मात्र जुनाच दिसत राहिला. त्यामुळे पिंगचा अंदाज घेऊन त्याच्या पुढे नेम धरावा लागे. व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाईफ’ (१९९८) या खेळात पुढे यावर उपाय योजण्यात आला व कंपनीचे यान बर्नियर यांनी २००१ मध्ये तो निबंधरूपाने मांडला. सर्व्हरने प्रत्येकाच्या अलीकडच्या जागा स्मरणात ठेवायच्या, गोळीचा संदेश येताच इतरांना २२० मिलिसेकंद मागे न्यायचे, नेम तपासायचा आणि पुन्हा वर्तमानात आणायचे. यालाच लॅग कॉम्पेन्सेशन म्हणतात.

या व्यवस्थेत विलंब नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या माथी जातो. भिंतीआड पोहोचलेला खेळाडू मरतो, कारण नेम धरणाऱ्याला तो अजून उघड्यावर दिसत होता. बर्नियर यांनी ही किंमत जाणूनबुजून स्वीकारली, हे महत्त्वाचे.

तरीही गोळी वाया का जाते? औंधच्या खेळाडूची गोळी ६० मिलिसेकंदांनी पोहोचते. त्यापूर्वी २० मिलिसेकंद आधी शत्रूची गोळी सर्व्हरवर लागली असेल, तर आपला खेळाडू तेथे मृत ठरतो आणि मृताची गोळी मोजली जात नाही. त्याच्या पडद्यावर मात्र रक्त उडालेले असते, कारण ते चित्र त्याच्याच संगणकाने सर्व्हरला न विचारता रंगवलेले असते. अशा वेळी गोळी झाडल्यानंतर लगेच स्वतःचा मृत्यू येतो. मृत्यू न येता रक्त दिसले व शत्रूची हानी शून्य राहिली, तर वाटेत संदेश हरवल्याचा संशय घ्यावा. `net_graph` मध्ये त्याच क्षणी `loss` वाढलेला दिसल्यास तो बळावतो. ‘हाफ-लाईफ’मधील रॉकेटला ही भरपाई मुळातच नव्हती, तेथे पुढे नेम धरण्याची जुनी रीतच चालू राहिली.