नव्वद टक्के मृत्युदराची गोष्ट : ऑडिट रिपोर्ट कसा लिहावा आणि कसा वाचावा

मध्यंतरी एका पेशंटचा मुलगा माझ्याकडे आला. आईचं ऑपरेशन ठरलं होतं आणि दोन हॉस्पिटलांपैकी एक निवडायचं होतं. त्यानं विचारलं, "डॉक्टर, या दोन्हींचा डेथ रेट किती, ते सांगा. ज्याचा कमी, तिथे नेतो." प्रश्न अगदी रास्त होता. तरीही नुसता आकडा सांगून त्याचं उत्तर देता येत नाही. का, ते समजून घ्यायला दीडशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट फार उपयोगी पडते.

हॉस्पिटलं स्वतःच्या कामाची जी तपासणी करतात तिला क्लिनिकल ऑडिट म्हणतात. पैशांच्या ऑडिटमध्ये जमाखर्च तपासतात, इथे उपचार तपासतात. काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि फरक का पडला, हे पाहिलं जातं. त्याच्या अहवालात तीन गोष्टी लागतात : काय आढळलं, माहितीत काय उणं आहे आणि आता काय बदलायचं. या तिन्ही गोष्टी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कामात दिसतात. काही ठिकाणी त्या उत्तम जमल्या आहेत, तर काही ठिकाणी चुकल्या आहेत.

नाइटिंगेल बाई म्हटलं की आपल्याला हातात दिवा घेऊन वॉर्डातून फिरणारी परिचारिका आठवते. पण त्यांचा खरा जीव आकडेमोडीत होता. क्रिमियन युद्धात जखमी आणि आजारी ब्रिटिश सैनिकांना जहाजांनी इस्तंबूलजवळच्या स्कुटारी इथल्या लष्करी हॉस्पिटलात आणत. नोव्हेंबर 1854 मध्ये बाई परिचारिकांची तुकडी घेऊन तिथे पोहोचल्या. कोंदट, गच्च भरलेले वॉर्ड, तुंबलेली गटारं आणि त्यातच खाटा. त्या हिवाळ्यात माणसं पटापट मरत होती.

युद्धानंतर इंग्लंडला परतल्यावर त्यांनी सैन्याच्या आरोग्याविषयी एक मोठा अहवाल लिहिला. तो 1858 मध्ये छापला गेला. आकड्यांसाठी त्यांना विल्यम फार या त्या काळच्या नामांकित संख्याशास्त्रज्ञाची मदत होती. अहवालाचा गाभा एका साध्या विभागणीत होता. प्रत्येक महिन्याचे मृत्यू त्यांनी तीन गटांत मांडले : टाळता येण्याजोगे साथीचे व संसर्गाचे आजार, युद्धातल्या जखमा, आणि इतर कारणं.

जानेवारी 1855 हा सर्वांत वाईट महिना. पूर्वेकडच्या त्या सैन्यात सरासरी 32,393 माणसं होती. त्या एका महिन्यात साथीच्या आजारांनी 2,761 माणसं गेली, जखमांनी 83 आणि इतर कारणांनी 324. म्हणजे शत्रूच्या गोळीनं एक सैनिक मरत होता, तेव्हा हगवण, कॉलरा, टायफस अशा आजारांनी तेहेतीस मरत होते. मृत्यूंचा हाच वेग राहिला असता आणि नवी भरती झाली नसती, तर दहा-अकरा महिन्यांत ते सैन्य संपलं असतं. याला म्हणतात निष्कर्ष. त्यात कोणावर आरोप नाही की विशेषणं नाहीत. किती माणसांपैकी किती, किती काळात आणि कशानं, एवढंच आहे. मंत्र्यालाही कळावं म्हणून त्यांनी हे पाकळ्यांसारख्या रंगीत आकृतीत काढून दाखवलं.

आता दुसरी गोष्ट, माहितीतली उणीव. स्कुटारीत मृत्यूंच्या नोंदी वेगवेगळ्या वह्यांत होत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नसत. शेकडो सैनिकांना पुरलं गेलं, पण त्यांच्या मृत्यूची नोंदच झाली नव्हती. बाईंनी हे झाकून ठेवलं नाही. नोंदींतला गोंधळ हा त्यांच्या तक्रारीचाच एक भाग होता.

एक मर्यादा मात्र आजचा परीक्षक लगेच दाखवून देईल. मार्च 1855 मध्ये सरकारनं पाठवलेली स्वच्छता समिती स्कुटारीला आली. तिनं गटारं साफ करवली, भिंतींना चुना मारला, खेळती हवा येईल अशी सोय केली. त्यानंतर मृत्यू झपाट्यानं उतरले. फेब्रुवारीत हॉस्पिटलातल्या दर शंभर रुग्णांमागे बेचाळीसच्या वर मृत्यू होते, ते जूनपर्यंत दोनाच्या आसपास आले. पण याच काळात हिवाळाही संपला, सैन्याला कपडे आणि अन्न नीट मिळू लागलं आणि वॉर्डांतली गर्दी कमी झाली. मग श्रेय स्वच्छतेला किती आणि बाकीच्या गोष्टींना किती? फक्त 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना केली तर हे वेगळं काढता येत नाही. स्वच्छतेचा उपयोग झाला हे आजच्या ज्ञानावरून पटतं, पण 'सगळा फरक त्यानंच पडला' असं लिहिणं हे पुराव्यापुढे धावणं ठरतं. माझ्या ब्लडप्रेशरच्या पेशंटांचे आकडे उन्हाळ्यात सुधारले, तर ते माझ्या औषधामुळे की गरमीमुळे, हा प्रश्न मला स्वतःला विचारावाच लागतो. थंडीत बीपी वाढतं आणि उन्हाळ्यात थोडं उतरतं, हे नेहमीचंच आहे.

आता ती नव्वद टक्क्यांची गोष्ट. 1863 मध्ये बाईंच्या हॉस्पिटलांवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात फार यांच्या आकड्यांवरून एक तक्ता दिला होता. त्यात लंडनच्या 24 हॉस्पिटलांचा मृत्युदर लिहिला होता 90.84 टक्के! समुद्रकिनारी मार्गेटला असलेल्या एका हॉस्पिटलाचा मात्र जेमतेम 13 टक्के. वाचणाऱ्याला वाटावं की लंडनच्या हॉस्पिटलात गेलेल्या दहांतले नऊ जण परत येत नाहीत.

लंडनचे डॉक्टर खवळले, आणि त्यांचं बरोबर होतं. तो आकडा आला कुठून ते पाहा. 1861 या पूर्ण वर्षात त्या 24 हॉस्पिटलांत 3,828 मृत्यू झाले होते. त्यांना भागलं कशानं, तर 8 एप्रिल 1861 या एका दिवशी खाटांवर असलेल्या 4,214 रुग्णांनी. वर मृत्यू वर्षभराचे आणि खाली माणसं एका दिवसाची.

याचा परिणाम एका खाटेच्या हिशोबानं समजून घेऊ. समजा, एका खाटेवर वर्षभरात एकामागून एक दहा पेशंट आले. नऊ बरे होऊन गेले, एक दगावला. पेशंटांच्या हिशोबानं मृत्यू दहा टक्के. पण एका दिवशी मोजलं तर त्या खाटेवर एकच माणूस दिसतो. वर्षाचा एक मृत्यू भागिले एक माणूस, म्हणजे शंभर टक्के! जे हॉस्पिटल पेशंटांना लवकर बरं करून घरी पाठवतं आणि नव्यांना जागा देतं, तेच या पद्धतीत सर्वांत वाईट दिसतं. मार्गेटच्या त्या हॉस्पिटलात गंडमाळेसारख्या दीर्घ आजारांचे रुग्ण येत. असे रुग्ण लवकर हलत नाहीत आणि लवकर दगावतही नाहीत, त्यामुळे तिथला आकडा छान दिसला. लंडनमध्ये अपघात आणि तीव्र ताप यांचे गंभीर रुग्ण येत, हा फरकही तक्त्यात कुठेच नव्हता.

फार यांचा भागाकार निरर्थक होता असं नाही. वर्षभर भरलेल्या एका खाटेमागे किती मृत्यू होतात, हे त्यातून कळतं. पण त्याला 'हॉस्पिटलाचा मृत्युदर' असं नाव देऊन शेजारी शेजारी मांडलं, तिथे चूक झाली. आकडा खरा होता, पण त्याचं नाव खोटं पडलं.

गंमत म्हणजे योग्य मोजणी कशी करावी हे बाईंना उत्तम ठाऊक होतं. 1860 मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांनी सगळ्या हॉस्पिटलांसाठी एकसारखे नोंदीचे फॉर्म सुचवले होते. वर्षाच्या सुरुवातीला किती रुग्ण होते, नवे किती दाखल झाले, किती बरे झाले, किती तसेच गेले, किती मरण पावले, वर्षअखेर किती उरले, अशी त्यांची रचना होती. परिषदेला ती पसंत पडली. काही हॉस्पिटलांनी फॉर्म भरूनही पाहिले, पण ते टिकले नाहीत. भरायला वेळ आणि पैसा फार लागे, शिवाय त्यातली आजारांची वर्गवारी अनेक डॉक्टरांना मान्य नव्हती.

इथे तिसरी गोष्ट येते, शिफारशी. सैन्यासाठीच्या शिफारशी मात्र बऱ्याच अंशी अमलात आल्या. त्या कामाच्या चार वाटण्या करून चार उपसमित्यांकडे दिल्या गेल्या : बराकींची दुरुस्ती, सैन्याचा आकडेवारी विभाग, लष्करी वैद्यकीय शाळा आणि वैद्यकीय खात्याचे नियम. 1860 मध्ये ती शाळा सुरूही झाली. प्रत्येक कामाला जबाबदार माणसं होती आणि मागे सरकारचा हुकूम होता. फॉर्मच्या बाबतीत भार टाकला होता आधीच दमलेल्या हॉस्पिटलांवर, आणि तो उचलायला वेगळा माणूस दिला नव्हता. 'सर्वांनी सर्व नोंदी नीट ठेवाव्यात' ही शिफारस कागदावर चांगली दिसते. 'वॉर्डच्या सिस्टरांनी रोज सकाळी दाखल, डिस्चार्ज आणि मृत्यू हे तीनच आकडे लिहावेत, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू' ही शिफारस छोटी आहे, पण ती पाळली गेली की नाही हे सांगता येतं.

त्या मुलाला मी हेच थोडक्यात सांगितलं. दोन्ही हॉस्पिटलांत हे चार प्रश्न विचार. आईला जे ऑपरेशन करायचं आहे, ते मागच्या वर्षी किती जणांवर झालं आणि त्यांतले किती दगावले? ते पेशंट आईसारखेच होते का, म्हणजे वय, डायबेटिस, हृदयविकार? घरी गेल्यावर महिन्याभरात जे गेले, ते मोजलेत का? आणि मागच्या तपासणीनंतर तुम्ही काय बदललं? ज्या हॉस्पिटलात मोठं आणि किचकट काम होतं, तिथे गंभीर पेशंट जास्त येतात, म्हणून त्यांचा आकडा थोडा जास्त असू शकतो. 'आमच्याकडे एकही मृत्यू नाही' असं कुणी म्हटलं, तर एकूण पेशंट किती होते ते आधी विचार. वर्षात फक्त सहा ऑपरेशनं झाली असतील, तर त्या शून्यावरून फारसं काही कळत नाही.

दोन दिवसांनी तो परत आला. एका हॉस्पिटलानं नुसता टक्का सांगितला होता. दुसऱ्यानं संख्या सांगितली, आणि घरी गेल्यानंतरची माहिती सगळ्या पेशंटांची मिळालेली नाही, हेही कबूल केलं. आईला कुठे नेऊ, असं त्यानं मला पुन्हा विचारलं नाही.