आरोप्य जोखीम

एखाद्या घातक घटकाच्या संपर्कात आलेल्या गटातील रोगाच्या किंवा मृत्यूच्या प्रमाणातून, त्या घटकापासून दूर राहिलेल्या गटातील प्रमाण वजा केल्यावर जे उरते, त्याला साथरोगशास्त्रात आरोप्य जोखीम म्हणतात. ही वजाबाकी संपर्क नसलेल्या गटाची इतर परिस्थिती संपर्कातील गटासारखीच आहे असे गृहीत धरून केलेली असते, आणि ते गृहीत जितके खरे असेल तितकाच तिच्या उत्तराला अर्थ असतो. याच वजाबाकीतून आणखी दोन मापे निघतात. संपूर्ण लोकसंख्येतील रोगभारापैकी किती हिस्सा त्या घटकाच्या माथी मारता येईल, हे लोकसंख्या-आरोप्य अंश सांगतो. आणि एक मृत्यू किंवा एक रोगी टाळण्यासाठी किती जणांना त्या घटकापासून सोडवावे लागेल, हे उपचारावश्यक संख्या सांगते. तिन्ही मापे एकाच कोष्टकातून काढता येतात, मात्र प्रत्येकाचा छेद वेगळा असतो, आणि या विषयातील बहुतेक चुका छेदाकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

कोहॉर्ट अभ्यास, म्हणजे संपर्क असलेला आणि नसलेला असे दोन समूह ठरवून पुढे त्यांच्यात काय घडते ते मोजणारा अभ्यास, या मापांचे स्वाभाविक क्षेत्र होय. कारण त्यात दोन्ही समूहांची मूळ संख्या ठाऊक असते. याचे एक जुने आणि अजूनही सर्वांत स्वच्छ उदाहरण डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ च्या लंडनमधील पटकीच्या साथीत उभे केले. स्नो यांचे नाव ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाशी जोडले गेले आहे. परंतु पंपाभोवतीच्या मृत्यूंच्या नकाशातून जोखीम काढता येत नाही, कारण पंपाचे पाणी पिणारे आणि न पिणारे एकूण किती होते हे त्यावर दिसत नाही. तो छेद टेम्सच्या दक्षिणेकडील त्यांच्या दुसऱ्या पाहणीत मिळतो.

दक्षिण लंडनच्या मोठ्या भागात दोन खासगी कंपन्यांचे नळ एकाच रस्त्याने गेलेले होते, आणि शेजारशेजारच्या दोन घरांना वेगवेगळ्या कंपन्यांचे पाणी येत असे. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी बॅटरसी येथे, म्हणजे शहराचे मैलापाणी मिसळलेल्या टप्प्यात, टेम्समधून पाणी उचलत होती. लॅम्बेथ कंपनीने मात्र १८५२ मध्ये आपले उचलस्थान नदीच्या वरच्या अंगाला, भरतीचे पाणी न पोचणाऱ्या टेम्स डिटन येथे हलवले होते. श्रीमंत आणि गरीब, लहान घर आणि मोठे घर असा कोणताही भेद या वाटपात नव्हता. ज्या घरातल्यांना आपल्या कंपनीचे नाव सांगता येत नसे, तिथले पाणी बाटलीत घेऊन स्नो त्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण टाकत. मिठाच्या प्रमाणानुसार साका कमीअधिक बसे. टेम्स डिटनच्या एका गॅलन पाण्यात मीठ जेमतेम एक ग्रेन, तर बॅटरसीच्या पाण्यात सुमारे ३८ ग्रेन होते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी कंपनी ओळखता येई. संपर्क कोणाला झाला आणि कोणाला नाही हे रोगाच्या निकालाशी संबंध नसलेल्या कसोटीने ठरवण्याचा हा प्रकार या कोष्टकाला विशेष विश्वासार्ह बनवतो.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचे, २६ ऑगस्ट १८५४ पर्यंतचे, आकडे असे आहेत.

| पाणीपुरवठा | घरे | पटकीचे मृत्यू | दर १०,००० घरांमागे मृत्यू |
|---|---|---|---|
| सदर्क अँड व्हॉक्सहॉल | ४०,०४६ | १,२६३ | ३१५.४ |
| लॅम्बेथ | २६,१०७ | ९८ | ३७.५ |
| दोन्ही मिळून | ६६,१५३ | १,३६१ | २०५.७ |

पहिल्या दोन दरांचा भागाकार केला की ८.४ येतो. ही सापेक्ष जोखीम. सदर्कच्या घरांमधील मृत्युप्रमाण लॅम्बेथच्या आठ-नऊ पट असल्याचे स्नो यांनीही लिहिले आहे. आरोप्य जोखमीसाठी भागाकार नव्हे, वजाबाकी करायची: ३१५.४ मधून ३७.५ वजा करून दर १०,००० घरांमागे सुमारे २७८ मृत्यू उरतात. लॅम्बेथच्या घरांमध्येही पटकीने माणसे मेली होतीच, कारण घराबाहेर, कामाच्या ठिकाणी किंवा आजाऱ्याच्या सेवेतून संसर्ग होऊ शकत होता. तेवढी पार्श्वभूमीची जोखीम दोन्हीकडे समान धरून ती बाजूला काढली जाते. उरलेल्या २७८ ला ३१५.४ ने भागले तर ०.८८ मिळतो, म्हणजे सदर्कचे पाणी पिणाऱ्या घरांतील १०० पैकी ८८ मृत्यू पार्श्वभूमीपेक्षा जास्तीचे होते. एकूण १,२६३ पैकी असे जास्तीचे मृत्यू सुमारे १,११३ होतात. मात्र त्यांपैकी नेमके कोणते, हे बोट दाखवून सांगण्याची सोय या गणितात नाही, कारण ते गटाचा हिशेब करते, व्यक्तीच्या मृत्यूचे कारण ठरवत नाही.

लोकसंख्या-आरोप्य अंशासाठी छेद बदलतो. दोन्ही कंपन्यांच्या सर्व घरांतील दर २०५.७ आहे; त्यातून ३७.५ वजा करून उत्तर पुन्हा २०५.७ ने भागले की ०.८२ येतो. याचा अर्थ, सदर्कच्या घरांनाही लॅम्बेथचेच पाणी मिळाले असते आणि बाकी काही बदलले नसते, तर या ६६,१५३ घरांमधील १०० पैकी सुमारे ८२ मृत्यू त्या सात आठवड्यांत झाले नसते. मॉर्टन लेव्हिन यांनी १९५३ मध्ये मांडलेले सूत्र हेच उत्तर दुसऱ्या वाटेने देते: संपर्कातील घरांचा हिस्सा ०.६०५ याला सापेक्ष जोखमीतून एक वजा करून आलेल्या ७.४ ने गुणायचे, आणि आलेल्या ४.४८ ला त्यापेक्षा एकाने मोठ्या ५.४८ ने भागायचे. वय किंवा अन्य फरकांसाठी दुरुस्त केलेली सापेक्ष जोखीम हाती असेल, तेव्हा मात्र लेव्हिनचे सूत्र चुकीचे उत्तर देते, आणि मृतांपैकी किती जण संपर्कातील होते तो हिस्सा, येथे ०.९२८, संपर्कातील गटाच्या ०.८८ या अंशाने गुणणे योग्य ठरते. या कोष्टकात अशी दुरुस्ती नसल्यामुळे तिन्ही वाटा ०.८२ वरच येतात.

हा अंश पाण्याच्या घातकतेचा गुणधर्म नव्हे. ते पाणी किती घरांत पोचते यावरही तो अवलंबून असतो. स्नो यांच्याच तक्त्यात लंडनच्या उर्वरित २,५६,४२३ घरांमध्ये त्याच काळात १,४२२ मृत्यू नोंदले आहेत. ते धरले तर शहरातील एकूण मृत्यू २,७८३ होतात, आणि तेच १,११३ जास्तीचे मृत्यू आता एकूण मृत्यूंच्या केवळ ४० टक्के भरतात. पाणी तितकेच घाण, आरोप्य जोखीम तीच, पण अंश ८२ वरून ४० वर आला. म्हणून कोणती लोकसंख्या ते सांगितल्यावाचून दिलेली अशी टक्केवारी अपुरीच समजली पाहिजे. निरनिराळ्या कारणांचे असे अंश एकत्र मिळवले तर बेरीज शंभराच्या पुढेही जाते, आणि त्यात चूक काहीच नसते: दोन कारणे मिळून झालेला मृत्यू त्यांपैकी कोणतेही एक काढले तरी टळतो, त्यामुळे तो दोन्ही खात्यांवर लागतो.

उपचारावश्यक संख्या म्हणजे आरोप्य जोखमीचा व्यस्त. लॉपासिस, सॅकेट आणि रॉबर्ट्स यांनी १९८८ मध्ये हे माप वैद्यकांपुढे ठेवले. एक भागिले ०.०२७८ म्हणजे ३६. सदर्कची ३६ घरे लॅम्बेथच्या नळाला जोडली असती, तर सरासरी एक मृत्यू टळला असता. अपूर्णांक आल्यास पुढचा पूर्णांक घेतात. नमुन्यातील चढउतार लक्षात घेता ९५ टक्के विश्वासाने ही संख्या ३४ ते ३९ च्या दरम्यान येते, पण एका घरातील मृत्यू एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे खरी मर्यादा याहून रुंद असणार. या संख्येचे एकक घर आहे, माणूस नव्हे; एका घरात सहा-सात माणसे धरली, तर तीच संख्या सव्वादोनशेच्या आसपास माणसांची होते. शिवाय एका घरात एकापेक्षा जास्त मृत्यू होऊ शकतात, त्यामुळे काटेकोर बोलायचे तर वरचे दर हे घरांची शक्यता नव्हेत, दर घरामागील सरासरी आहेत.

या मापात सर्वाधिक फसगत कालावधीबद्दल होते, आणि स्नो यांचे आकडे ती उघड दाखवतात. पहिल्या चारच आठवड्यांत, ५ ऑगस्टपर्यंत, सदर्कच्या घरांत २८६ आणि लॅम्बेथच्या घरांत १४ मृत्यू झाले होते. म्हणजे दर १०,००० घरांमागे ७१.४ आणि ५.४. तेव्हा सापेक्ष जोखीम तेरा पटींहून अधिक होती, तरी वजाबाकी फक्त ६६ येत होती आणि एक मृत्यू टाळण्यासाठी १५२ घरे लागत होती. पुढच्या तीन आठवड्यांत साथ पसरली, लॅम्बेथच्या घरांतही संसर्ग अन्य वाटांनी शिरला, सापेक्ष जोखीम घटून ८.४ झाली आणि लागणाऱ्या घरांची संख्या मात्र ३६ वर उतरली. पटीने मोजले तर धोका कमी झालेला दिसतो, वजाबाकीने मोजले तर चौपटीहून वाढलेला. साथ रोखण्यासाठी खर्च कुठे करायचा हे ठरवणाऱ्याला दुसरे उत्तर हवे असते. म्हणून उपचारावश्यक संख्या नेहमी तिच्या कालावधीसह आणि तुलनेच्या गटासह लिहावी. आधुनिक औषधांच्या चाचण्यांतील अशा दोन संख्या, एक वर्षभराची आणि दुसरी पाच वर्षांची, शेजारी ठेवून तोलणे हीसुद्धा याच जातीची चूक आहे.

शेवटी, निरीक्षणात्मक अभ्यासातून काढलेली ही संख्या खऱ्या उपचाराच्या परिणामाएवढी तेव्हाच असते, जेव्हा संपर्क काढून घेतल्याबरोबर जोखीमही पार्श्वभूमीवर येते. पाण्याच्या बाबतीत हे जवळपास खरे आहे, कारण दूषित पाणी थांबल्यावर नवा संसर्ग काही दिवसांत आटतो. धूम्रपानात तसे नाही, सिगारेट सोडल्यानंतरही फुफ्फुसाच्या कर्करोगाची वाढीव जोखीम अनेक वर्षे मागे रेंगाळते, आणि तेथे हे गणित लाभ फुगवून दाखवते. दक्षिण लंडनमध्ये तो संपर्क पुढे खरोखरच काढून घेतला गेला: १८५२ च्या कायद्याने कंपन्यांना टेम्सच्या भरतीच्या टप्प्यातून पाणी उचलणे बंद करण्यासाठी ३१ ऑगस्ट १८५५ ची मुदत दिली होती, आणि सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीने आपले उचलस्थान हॅम्प्टन येथे हलवले. १८६६ च्या साथीत लंडनमधील बहुतांश मृत्यू शहराच्या पूर्व भागात, वेगळ्याच कंपनीच्या पाण्यावर असलेल्या वस्तीत झाले.