चार्ल्स बॉनेट सिंड्रोम

चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणजे दृष्टी बऱ्याच अंशी गमावलेल्या, परंतु मानसिकदृष्ट्या निरोगी व्यक्तीला प्रत्यक्षात नसलेली ठळक दृश्ये दिसण्याची अवस्था होय. ती प्रामुख्याने वृद्धांमध्ये आढळते. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची वयोमानानुसार होणारी झीज, काचबिंदू व मोतीबिंदू या विकारांत ती उद्भवू शकते. हा मनोविकार किंवा स्मृतिभ्रंश नव्हे.

इतिहास

जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स बॉनेट (फ्रेंच उच्चार: शार्ल बोने) यांनी १७६० साली आपले आजोबा चार्ल्स ल्युलिन यांचा अनुभव ग्रंथात नोंदवला. मोतीबिंदूमुळे ल्युलिन यांची नजर अधू झाली होती. नव्वदीच्या घरातील या गृहस्थांना माणसे, पक्षी, गाड्या व इमारती दिसत. मात्र ही दृश्ये खरी नाहीत, हे ते जाणून होते. त्यांची बुद्धी व स्मरणशक्ती शाबूत होती. पुढे बॉनेट यांच्या नावावरून ही अवस्था ओळखली जाऊ लागली.

कारण

डोळ्यांकडून येणारे संदेश घटले, तरी मेंदूतील दृष्टीची केंद्रे निष्क्रिय होत नाहीत. ती आपोआप उद्दीपित होऊन प्रतिमा निर्माण करतात. चेहरे ओळखणारा भाग उद्दीपित झाल्यास चेहरे, तर रंग ओळखणारा भाग उद्दीपित झाल्यास रंग दिसतात.

लक्षणे

जाळीदार नक्षी, अनोळखी चेहरे, बुटकी माणसे किंवा प्राणी दिसतात. दृश्य काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत टिकते. त्याला आवाज, वास वा स्पर्श नसतो. मंद प्रकाशात व शांत बसलेले असताना ते अधिक जाणवते. अनेकांमध्ये कालांतराने त्याचे प्रमाण घटते. काहींमध्ये ते वर्षानुवर्षे राहते.

कुटुंबीयांची भूमिका

लोक वेडे समजतील या भीतीने अनेक वृद्ध हा अनुभव लपवतात. त्यामुळे कुटुंबीयांनीच "काही वेगळे दिसते का?" असे सहजपणे विचारणे उपयुक्त ठरते. उदाहरणार्थ, आजींनी खोलीच्या कोपऱ्यात मुले दिसत असल्याचे सांगितल्यास त्यांना खोटे ठरवू नये आणि मुले खरोखर आहेत असेही म्हणू नये. "तुम्हाला दिसतात हे खरे आहे, नजर कमी झाल्यामुळे मेंदू ही चित्रे तयार करतो," असे सांगता येते. दिवा लावणे, जागेवरून उठणे, डोळ्यांची उघडझाप करणे किंवा मान स्थिर ठेवून नजर काही वेळा डावी-उजवीकडे फिरवणे, यांमुळे दृश्य पुष्कळदा नाहीसे होते.

निदान व सावधगिरी

या अवस्थेसाठी स्वतंत्र तपासणी नाही. इतर कारणे वगळून निदान केले जाते. विभ्रम ही एकंदर अवस्था निरुपद्रवी असली, तरी नेत्रतपासणी आवश्यक असते, कारण मोतीबिंदूसारख्या कारणावर उपचार शक्य असतात. आवाजही ऐकू येणे, दृश्ये खरी असल्याची खात्री वाटणे, गोंधळलेपणा, वाढता विसराळूपणा किंवा हालचालींतील मंदपणा ही लक्षणे अन्य आजार सुचवतात. ताप आल्यावर किंवा नवे औषध सुरू केल्यावर विभ्रम उद्भवल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे.