मधला तिसरा भाग काढला तर उरते काय?

श्रोतेहो, आज एका दोरीची गोष्ट सांगायची आहे. दोरी ८१ सेंटिमीटर लांबीची आहे आणि आपल्या हातात कात्री आहे. शिक्षकबंधूंनी दोरीऐवजी फळ्यावर ८१ सेंटिमीटरची सरळ रेघ काढली तरी चालेल. ८१ हा आकडा मुद्दाम निवडला आहे, कारण त्याला तिनाने चार वेळा निःशेष भाग जातो.

पहिल्या खेपेस दोरीचे तीन सारखे भाग करा आणि मधला २७ सेंटिमीटरचा भाग कापून टाका. डावीकडे २७ आणि उजवीकडे २७ असे दोन तुकडे उरले. दुसऱ्या खेपेस या दोन्ही तुकड्यांशी तसेच वागा. प्रत्येकाचा मधला ९ सेंटिमीटरचा भाग काढला की ९ सेंटिमीटरचे चार तुकडे राहतात. तिसऱ्या खेपेनंतर ३ सेंटिमीटरचे आठ तुकडे होतात, आणि चौथ्या खेपेनंतर १ सेंटिमीटरचे सोळा. पुढे खरी कात्री चालणार नाही. पण मनाच्या कात्रीला अडचण नाही. ही कापाकापी कधीच थांबत नाही अशी कल्पना करा. या न संपणाऱ्या कामानंतर दोरीचे काय उरेल, हा आजचा प्रश्न आहे.

कापताना एक पथ्य मात्र पाळायचे. मधला भाग काढला तरी त्याची दोन टोके काढायची नाहीत. सुरुवातीपासून २७ सेंटिमीटरवरचा बिंदू आणि ५४ सेंटिमीटरवरचा बिंदू हे दोन्ही जागेवर राहतात. जाते ते त्यांच्या मधले सगळे. वर्गात हे पथ्य सांगायचे राहून गेले, तर पुढचा सारा हिशेब बिघडतो.

आता हिशेब करू. पहिल्या खेपेस २७ सेंटिमीटर गेले, दुसऱ्या खेपेस दोनदा नऊ म्हणजे १८, तिसऱ्या खेपेस १२, चौथ्या खेपेस ८. चार खेपांत ६५ गेले आणि १६ राहिले. दर खेपेस शिल्लक लांबी आधीच्या दोनतृतीयांश होते. ती अशीच घटत शून्याच्या हव्या तितक्या जवळ जाते. म्हणजे कापून टाकलेल्या भागांची बेरीज पुरी ८१ सेंटिमीटर भरते. ज्याने ८१ सेंटिमीटर दोरी आणली, त्याची ८१ सेंटिमीटर दोरी गेली!

तेव्हा तुम्ही म्हणाल, मग उरले काय? काहीच नाही! पण जरा थांबा. २७ वरचा बिंदू उरला आहे. तो एका तुकड्याचे टोक आहे, आणि टोके आपण कधी काढत नाही. तसाच ५४ वरचा, ९ वरचा, १८ वरचा. दर खेपेस नवी टोके तयार होतात आणि ती कायमची राहतात. लांबी शून्य झाली, तरी बिंदू मात्र पुष्कळ उरले.

या उरलेल्या बिंदूंत कोठे सलग पट्टी असेल का? एक मिलिमीटरचीसुद्धा नाही. पाचव्या खेपेनंतर प्रत्येक तुकडा सुमारे ३.३३ मिलिमीटरचा होतो, सहाव्या खेपेनंतर १.११ चा आणि सातव्या खेपेनंतर ०.३७ चा. त्यात एक मिलिमीटरची पट्टी मावणार कशी? तुम्ही याहून बारीक पट्टी सांगा. मी दोन-चार खेपा आणखी कापतो आणि तिच्याहून लहान तुकडे करून दाखवतो. म्हणून उरलेल्या बिंदूंत सलग असे काहीही नाही. कोणत्याही दोन बिंदूंच्या मध्ये कोठे ना कोठे खिंडार आहेच.

येथे पुष्कळ जण दुसरी चूक करतात. ते म्हणतात, उरली ती केवळ टोके. हे खरे नाही. दोरीच्या अगदी चौथाईवरचा, म्हणजे २०.२५ सेंटिमीटरवरचा बिंदू घ्या. पहिल्या खेपेस तो डाव्या तुकड्यात पडतो. हा तुकडा २७ सेंटिमीटरचा, म्हणजे आपला बिंदू त्याच्या पाऊण अंतरावर आला. पाऊण हे दोनतृतीयांशाच्या पलीकडे असते, म्हणून दुसऱ्या खेपेसही तो वाचला आणि १८ ते २७ या उजव्या तुकड्यात गेला. हा तुकडा ९ सेंटिमीटरचा, आणि त्यात आपला बिंदू १८ पासून २.२५ वर आहे, म्हणजे पुन्हा बरोबर चौथाईवर! आता तोच प्रकार फिरून घडणार. एकदा चौथाई, एकदा पाऊण, पुन्हा चौथाई. मधल्या तिसऱ्या भागात तो कधीच सापडत नाही, आणि कोणत्याही तुकड्याचे टोकही कधी होत नाही. टोक नसूनही तो कायमचा उरला.

असे बिंदू किती? हे मोजण्यासाठी प्रत्येक उरलेल्या बिंदूला एक पत्ता देऊ. दर खेपेस तो ज्या तुकड्यात होता त्याचे दोन तुकडे झाले, एक डावा आणि एक उजवा. तो कोणत्या तुकड्यात गेला ते लिहीत जायचे. आपल्या चौथाईच्या बिंदूचा पत्ता डावा, उजवा, डावा, उजवा असा अखंड चालतो. २७ वरच्या बिंदूचा पत्ता म्हणजे पहिल्यांदा डावा आणि नंतर सदैव उजवा. उलट बाजूने, कोणताही न संपणारा पत्ता लिहा. तो तुम्हांला एकात एक बसणाऱ्या, लहान लहान होत जाणाऱ्या तुकड्यांतून नेतो आणि शेवटी एकाच बिंदूवर पोचवतो. दोन पत्ते जेथे पहिल्यांदा वेगळे होतात, तेथे मध्ये कापलेले खिंडार असते. म्हणून निराळ्या पत्त्यांचे बिंदूही निराळेच.

आता समजा, कोणी गृहस्थ आला आणि म्हणाला, “मी या सर्व बिंदूंची यादी केली आहे. पहिला, दुसरा, तिसरा, अशी ओळीने. एकही सुटलेला नाही.” त्याच्या यादीतले पहिले चार पत्ते असे आहेत असे धरू:

पहिला: डावा, डावा, डावा, डावा…
दुसरा: डावा, उजवा, डावा, उजवा…
तिसरा: उजवा, उजवा, डावा, डावा…
चौथा: उजवा, डावा, उजवा, उजवा…

आपण एक नवा पत्ता रचू. पहिल्या ओळीतला पहिला शब्द डावा आहे, तर आपण लिहू उजवा. दुसऱ्या ओळीतला दुसरा शब्द उजवा आहे, तर आपण लिहू डावा. तिसऱ्या ओळीतला तिसरा डावा, म्हणून उजवा. चौथ्या ओळीतला चौथा उजवा, म्हणून डावा. याप्रमाणे यादीच्या प्रत्येक ओळीशी एका ठिकाणी उलटे बोलत जायचे. हा नवा पत्ता पहिल्या ओळीशी जुळत नाही, दुसऱ्या ओळीशी जुळत नाही, हजाराव्या ओळीशीही जुळत नाही. तरी तो उरलेल्या बिंदूंपैकी एकाचा खरा पत्ता आहे. म्हणजे त्या गृहस्थाची यादी अपुरी ठरली. तो बिंदू यादीत घातला, तर याच युक्तीने आणखी एक सुटलेला दाखवता येतो. अशा समूहाला गणिती अगणनीय म्हणतात.

टोकांचे तसे नाही. पहिल्या खेपेची टोके, मग दुसऱ्या खेपेची, असे करत त्यांची यादी बिनचूक करता येते. म्हणून उरलेल्या बिंदूंत टोके ही मूठभरच. बाकीचे सारे चौथाईच्या बिंदूसारखे, कधीच टोक न होणारे.

हे सारे निघाले कशातून, तेही ऐकण्याजोगे आहे. हेर्मान हांकेल या जर्मन गणितज्ञाने १८७० साली एक मत मांडले होते. बिंदूंचा समूह कोठेच दाट नसेल, म्हणजे प्रत्येक पट्टीत त्याला टाळणारी लहान पट्टी सापडत असेल, तर एकूण लांबीच्या हिशेबात तो नगण्य समजावा, असा त्याचा आशय. ऐकायला ते पटते. पण १८७५ साली ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक हेन्री स्मिथ यांनी आपल्या कापाकापीसारख्याच कृतींनी ते खोडून काढले. त्यांच्या रीतीचा सोपा नमुना असा: पहिल्या खेपेस मधून सबंध दोरीची चौथाई काढा, दुसऱ्या खेपेस दोन्ही तुकड्यांतून मिळून एकअष्टमांश, तिसऱ्या खेपेस एकषोडशांश, याप्रमाणे. एकूण अर्धीच दोरी जाते. तुकडे मात्र दर खेपेस निम्म्याहूनही लहान होत जातात, म्हणून सलग पट्टी येथेही कोठेच उरत नाही. सलग काही नाही, तरी अर्धी लांबी शिल्लक! स्मिथ यांच्या निबंधाकडे युरोपच्या मुख्य भूमीवर त्या काळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

१८८३ साली स्मिथ वारले. त्याच वर्षी जर्मनीतील हाले येथील प्राध्यापक गेओर्ग कँटर यांनी आपल्या एका ग्रंथातील टीपेत तृतीयांशाचा हा समूह सूत्ररूपाने दिला. म्हणून आज त्याला कँटरचा संच हे नाव आहे. रेषेवरच्या बिंदूंची यादी होऊ शकत नाही हे कँटर यांनी १८७४ सालीच छापून सिद्ध केले होते. ओळीओळीने उलटे बोलण्याची युक्ती त्यांनी १८९१ साली मांडली. बर्लिनचे प्रोफेसर क्रोनेकर यांना अशा अनंताच्या गोष्टी मुळीच मान्य नव्हत्या, आणि तो विरोध कँटर यांना फार लागला.

आता सुरुवातीच्या दोरीकडे परत या. सबंध दोरीवर जितके बिंदू, तितकेच या उरलेल्या समूहातही आहेत. पत्त्यातल्या डाव्यासाठी ० आणि उजव्यासाठी १ लिहिले, तर दोनाच्या पायावर लिहिलेला अपूर्णांकच तयार होतो, आणि ० ते १ मधली प्रत्येक संख्या अशी लिहिता येते. म्हणजे ८१ सेंटिमीटर कापून टाकले, हाती लांबी शून्य राहिली, आणि बिंदूंच्या संख्येत घट काहीच नाही. किती आहेत हा एक प्रश्न, केवढी जागा व्यापतात हा दुसरा, आणि सलग आहेत की नाहीत हा तिसरा. हांकेलने तिसऱ्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर काढले, आणि तेथेच तो चुकला.

उद्या फळ्यावर ती ८१ सेंटिमीटरची रेघ काढाल, तेव्हा प्रथम मुलांना २०.२५ वर खूण करायला सांगा, आणि मग पुसायला लागा. ती खूण पुसायची पाळी कधीच येणार नाही.